एकाच हाकेच्या अनेक प्रती

केरळमध्ये ऑगस्ट २०१८च्या महापुरात बचावाच्या विनंत्या नोंदवण्यासाठी keralarescue.in हे संकेतस्थळ सुरू झाले. अडकलेल्या एका कुटुंबासाठी मुलगा, शेजारी आणि परदेशातला भाचा असे तिघेही संदेश पाठवतात, आणि तोच मजकूर गटागटांतून फिरत राहतो. प्रत्येक प्रत स्वतंत्र नोंद झाली, तर बोट एकाच दारी पुन्हा जाते आणि दुसरे घर वाट पाहत राहते. म्हणून काम वाटण्याआधीच प्रती एकत्र कराव्या लागतात.

पहिली पायरी मजकूर एकसारखा करण्याची. इमोजी, जादा मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे काढली जातात, ९ आणि 9 एकाच रूपात आणले जातात. देवनागरीत आणखी एक अडचण असते. ‘ऱ’ हे अक्षर एकाच संकेताने लिहिता येते, तसेच ‘र’खाली नुक्ता देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र वेगळे. युनिकोडचे प्रमाणीकरण केल्यावर हा फरक मिटतो. मग मजकुराचा हॅश, म्हणजे गणिती ठसा, काढतात. ठसा जुळला तर ती हुबेहूब प्रत.

पण एक शब्द वाढला तरी ठसा पूर्ण बदलतो. त्यासाठी आंद्रेई ब्रोडर यांनी १९९७मध्ये मांडलेली पद्धत उपयोगी पडते: लागोपाठच्या शब्दांचे गट पाडायचे आणि समान गटांना एकूण वेगवेगळ्या गटांनी भागायचे. समजा, पहिला संदेश ‘तळमजल्यावर पाणी शिरले आजी आजोबा अडकले बोट पाठवा’ असा आहे आणि दुसऱ्यात ‘बोट’च्या आधी ‘लवकर’ आले. तीन-तीन शब्दांचे गट पाडले तर ९ पैकी ४ जुळतात, साम्य ०.४४. दोन-दोनचे पाडले तर ९ पैकी ६, साम्य ०.६७. छोट्या संदेशांना लहान गटच मानवतात.

खरा धोका याच्या उलट बाजूला आहे. एकाच इमारतीतल्या दोन कुटुंबांचे संदेश जवळजवळ सारखे असू शकतात. शब्द जुळले म्हणून ते एक केले, तर एक कुटुंब यादीतून नाहीसे होते. दुबार फेरीपेक्षा ही चूक कितीतरी भयंकर. म्हणून मजकुरासोबत अडकलेल्या व्यक्तीचा फोन आणि ठिकाणही जुळावे लागते. पाठवणाऱ्याचा क्रमांक इथे कामाचा नाही, कारण तो दर प्रतीत बदलतो. शंका असेल तिथे जोडी माणसाकडे द्यावी.

एकत्र करताना प्रती पुसायच्या नसतात. ‘आजींचे इन्सुलिन संपले’ ही ओळ एखाद्याच प्रतीत असते, ती मुख्य नोंदीत यायलाच हवी. सुटका झाली तरी नोंद मिटवू नये, नुसती बंद करावी. जुना संदेश दोन दिवसांनी पुन्हा आला, की तो बंद नोंदीला जाऊन मिळतो आणि दिलेल्या क्रमांकावर एक फोन करून खात्री करता येते.