पहिल्या थेंबापुरते 27 बार

मधे पातळ पडदा ठेवून एका बाजूला गोडं आणि दुसऱ्या बाजूला खारं पाणी भरलं, की गोडं पाणी आपणहून खाऱ्याकडे झिरपतं. पडद्यातून पाणी जातं, मीठ जवळजवळ जात नाही. ही ओढ म्हणजे परासरण दाब. समुद्राचं पाणी गोडं करायचं तर खाऱ्या बाजूने याहून जास्त जोर लावून पाणी उलटं ढकलावं लागतं. घरातल्या आरओ यंत्रातही हेच घडतं.

हा जोर किती, ते मिठावरून काढता येतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. ते सगळं साधं मीठ धरलं, तर 0.6 मोल होतं. पाण्यात मिठाचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन कण सुटे होतात, म्हणून 1.2 मोल. 25 अंश सेल्सियसला लिटरमागे एका मोलचा दाब सुमारे 24.8 बार. गुणाकार केला की जवळपास 30 बार येतात. विरुद्ध भाराचे कण एकमेकांना ओढून धरतात, त्यामुळे प्रत्यक्षात दाब 27 बारच्या आसपास असतो. एवढा दाब 270 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाच्या बुडाशी असतो.

मग प्रकल्पांतले पंप बहुधा 55 ते 70 बार दाब का देतात?

कारण 27 बार हा हिशेब पहिल्या थेंबाचा आहे. 100 लिटर समुद्रजल आत घेतलं, तर त्यात साडेतीन किलो क्षार असतात. त्यातून 50 लिटर गोडं पाणी काढलं, की उरलेल्या 50 लिटरांत तेच साडेतीन किलो क्षार राहतात. खारटपणा दुप्पट होतो आणि परासरण दाब 55 बारच्या पुढेमागे जातो. पाणी लांब नळीतल्या पडद्यांवरून वाहत जातं. नळीच्या शेवटच्या टोकालाही गोडं पाणी गाळायचं असेल, तर दाब तिथल्या खारटपणाला पुरायला हवा.

शिवाय पाणी पलीकडे गेलं, की मागे राहिलेलं मीठ पडद्यालगत साचतं. पडद्याला भिडणारं पाणी त्यामुळे मधल्या प्रवाहाहून खारट असतं. दोन्ही बाजूंचे जोर सारखे झाले, तर पाणी थांबूनच राहील. कामापुरत्या वेगाने गाळायचं तर वरचा दाब हवाच. पडद्यावर गाळ आणि जिवाणूंचा चिकट थर बसला, की तेवढ्याच पाण्यासाठी दाब वाढवत न्यावा लागतो. पाण्याचं तापमान आणि खारटपणा तोच असताना दाबमापकाचा काटा चढत चालला, तर पडदे धुवायची वेळ आली असं समजावं.

याची किंमत विजेत मोजली जाते. निम्मं पाणी काढायचं, तर घनमीटरमागे सैद्धांतिक किमान सुमारे एक युनिट वीज लागते. चांगल्या प्रकल्पात एकूण तीन ते चार युनिट जातात. बाहेर पडणाऱ्या खाऱ्या पाण्यातला दाब परत वापरतात म्हणून हा आकडा एवढ्यावर थांबतो. यंत्रं सुधारतील, आकडा आणखी थोडा उतरेल. पण मिठाने आखलेली किमान रेषा कुठल्याही पडद्याला ओलांडता येणार नाही.