अडायचं कुठे, नमतं घ्यायचं कुठे

श्रावण सुरू झाला की मुंबईतल्या पुष्कळ कार्यालयांत एक वाद हमखास उभा राहतो. गणपतीत रजा कुणाला? एकाच विभागातल्या चौघांना कोकणात जायचं असतं आणि साहेब म्हणतात, निम्मी माणसं तरी जागेवर हवीत. पहिला सरळ सांगतो, ‘माझं तिकीट काढून झालंय, मी जाणारच.’ दुसरी म्हणते, ‘राहू दे, यंदा मी थांबते.’ तिसरा हिशेब मांडतो, ‘पहिले तीन दिवस तू, पुढचे तीन मी.’ चौथा या चर्चेत तोंडच उघडत नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याच्या तब्येतीचा निरोप येतो.

रेटणं, नमतं घेणं, मध्य काढणं आणि टाळणं. कामाच्या जागी खटका उडाला की माणसं बहुधा या चारांतल्याच एका वाटेने जातात, आणि तीसुद्धा फारसा विचार न करता, सवयीने.

या सवयींचा नकाशा केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७४ मध्ये एका चाचणीतून मांडला. त्यांनी दोनच गोष्टी पाहिल्या: माणूस स्वतःचं म्हणणं किती लावून धरतो आणि समोरच्याची गरज किती सांभाळतो. स्वतःचंच धरलं की रेटणं, दुसऱ्याचंच सांभाळलं की नमतं घेणं, दोन्ही सोडलं की टाळणं, दोन्ही थोडं थोडं धरलं की तडजोड. दोन्ही पुरेपूर धरण्याची पाचवी वाटही त्यांनी सांगितली, ती म्हणजे मिळून तोडगा काढणं. गणपतीच्या रजेत एकाला फक्त प्रतिष्ठापनेच्या पूजेला बसायचं असतं आणि दुसऱ्याला बायकोच्या पहिल्या ओवशाला पोचायचं असतं. ‘नेमकं कशासाठी जायचंय?’ एवढं विचारलं तर दोघांचंही भागतं. पण विचारायला वेळ लागतो आणि खरं सांगण्याइतका विश्वासही लागतो, म्हणून ही वाट कमी वापरली जाते.

चाचणीत विधानांच्या तीस जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं, आपल्याला जास्त लागू पडणारं एक विधान निवडायचं. दोन्ही विधानं सारखीच शोभणारी असतील, याची काळजी घेतलेली असते, कारण एरवी जो तो स्वतःला समजूतदार ठरवून मोकळा होतो. प्रत्येक पद्धतीला शून्य ते बारा गुण मिळतात. कुठला आकडा चांगला आणि कुठला वाईट, असं काही नसतं. एक आकडा फार वर आणि दुसरा तळाला असेल तर एवढंच कळतं की हा माणूस एक हत्यार सारखं उपसतो आणि दुसऱ्याला हातही लावत नाही.

मात्र ‘माझा स्वभावच असा’ म्हणून इथे थांबून चालत नाही. अफझलुर रहीम या संशोधकाने १९८० च्या दशकात याच विषयावर प्रश्नावली तयार केली आणि तिच्या तीन आवृत्त्या केल्या: वरिष्ठांशी वाद, हाताखालच्यांशी वाद आणि बरोबरीच्यांशी वाद. व्यवस्थापकांच्या उत्तरांत कल स्पष्ट दिसला. तीच माणसं साहेबांपुढे प्रामुख्याने नमतं घेत होती आणि सहकाऱ्यांशी तडजोड करत होती. म्हणजे आपली पद्धत पाहायची तर वर, खाली आणि बाजूला अशी तिन्हीकडे पाहावी लागते.

वरच्यापुढे नमण्याची ही सवय किती महाग पडते, याचं उदाहरण २७ जानेवारी १९८६ च्या रात्रीचं आहे. चॅलेंजर यान दुसऱ्या दिवशी सकाळी उडणार होतं. त्याचे रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी नासाला दूरध्वनीवरच्या बैठकीत सांगितलं, की १२ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात उड्डाण नको. थंडीत सांध्यांची रबरी कडी ताठरते आणि गरम वायू निसटू शकतो. नासाच्या अधिकाऱ्यांनी नाराजी दाखवली. नासा हे कंपनीचं मोठं गिऱ्हाईक होतं. कंपनीने पाच मिनिटं मागून घेतली, ती लांबून सुमारे अर्धा तास झाली. रॉजर बोजोली आणि आर्नी थॉम्पसन हे अभियंते आपलं म्हणणं मांडत राहिले, पण कुणी ऐकत नाही हे दिसल्यावर तेही थांबले. मग चार व्यवस्थापकांनी आपसात ठरवून उड्डाणाला संमती कळवली. सकाळी यान सुटलं तेव्हा तापमान साधारण २ अंश होतं. ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले.

इथे तडजोडीलाही जागा नव्हती. कडी धरेल किंवा सुटेल, मधलं काही नाही. सुरक्षितता, हिशेबातला खोटेपणा, कायद्याचा भंग असे विषय आले की रेटणं हीच योग्य पद्धत, समोर गिऱ्हाईक असो की साहेब. आक्षेप लेखी द्यावा आणि निर्णय कोण घेतंय त्याची नोंद मागावी. हीच पद्धत चहाच्या वेळेवरून किंवा अहवालाच्या रंगावरून वापरली, तर मात्र लोक अशा माणसाला खरी अडचण सांगायचंच सोडून देतात. आपल्यापर्यंत वाईट बातमी सर्वांत शेवटी पोचू लागली, तर आपण फार रेटतो असं समजावं.

नमतं घेणं तेव्हा शोभतं जेव्हा चूक आपली असते, किंवा मुद्दा आपल्याला चिल्लर आणि समोरच्याला मोलाचा असतो. बैठकीत ‘हो’ आणि कँटीनमध्ये ‘मला पटलंच नव्हतं’ असं होऊ लागलं, की ते नमतं घेणं राहिलेलं नसतं, आतल्या आत धुमसणं झालेलं असतं.

तडजोड वाटून घेण्याजोग्या गोष्टींत चालते: रजा, खर्च, पाळ्या, जागा. कामाच्या मुदतीत ती अनेकदा फसते. विक्री विभागाने गिऱ्हाइकाला चार आठवडे कबूल केलेले असतात, काम करणाऱ्यांना सहा लागतात आणि ठरतात पाच. काम तर कमी झालेलं नसतं, म्हणून तपासणीवर काट मारली जाते आणि दोष गिऱ्हाइकाच्या हाती पडल्यावर कळतात. आठवडे वाटण्याआधी कामातलं काय वगळायचं हे ठरवलं, तरच ती मुदत खरी.

टाळणं बदनाम आहे, पण डोकी तापलेली असताना किंवा पुरती माहिती हाती नसताना तेच शहाणपणाचं असतं. फरक तारखेत आहे. ‘सोमवारी अकराला बोलू’ हे पुढे ढकलणं, ‘बघू नंतर’ हे पळणं.

स्वतःची पद्धत ओळखायला विकतची चाचणी हवीच असं नाही. गेल्या काही महिन्यांतले सहा खटके कागदावर उतरवावेत: दोन वरिष्ठांशी, दोन बरोबरीच्यांशी, दोन हाताखालच्यांशी. प्रत्येकापुढे आपण काय केलं, ते वरच्या पाचांतल्या एका शब्दात लिहावं आणि मुद्दा खरंच किती मोठा होता तेही नोंदवावं. मग तो कागद रोज बरोबर काम करणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला दाखवावा, कारण ‘मी तडजोड केली’ असं आपण लिहिलेलं असतं तिथे त्याला बहुधा वेगळंच काही आठवत असतं.