कपातीत नोकरी वाचली, पण झोप गेली : कंपनीत ‘राहिलेल्या’ कामगारांचं न बोललं जाणारं दुखणं

कंपनीत कामगार कपात झाली की बातमी होते ती गेलेल्यांची. किती जण कमी झाले, हिशेब किती मिळाला, युनियन काय म्हणते, एवढं छापून येतं आणि विषय संपतो. जे राहिले त्यांना कोणी विचारत नाही. त्यांचा पगार चालू आहे, मग त्यांना काय झालंय, असंच सगळे धरून चालतात. पण तालुक्यातल्या गावांमधून रोज एमआयडीसीत जाणाऱ्यांशी नीट बसून बोललं, तर वेगळंच ऐकायला मिळतं.

दुचाकीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या प्रेस ऑपरेटरचं उदाहरण घेऊ. वय अडतीस, नोकरी अकरा वर्षांची, घरी तीन एकर शेती. नाव छापायचं नाही या अटीवर तो बोलला. कंपनीची ऑर्डर कमी झाली आणि दिवाळीनंतर प्रेस शॉपमधले काही जण कमी केले. त्यात त्याच्याच आळीतला मित्र होता. सात वर्षं दोघं एकाच मोटारसायकलवर डबलसीट जायचे, पेट्रोल निम्मं-निम्मं. त्या दिवशी दुपारी मित्राला ऑफिसात बोलावलं, तासाभरात गेटपास जमा झाला आणि संध्याकाळी हा एकटाच गाडी घेऊन घरी आला.

“दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली आन् मागची सीट मोकळी. पोटात कसंतरी झालं,” तो सांगतो. त्या दिवसापासून त्याने मित्राच्या दारावरून जाणारा रस्ताच सोडला. ओढ्याकडून दीड किलोमीटरचा वळसा घालून तो हायवेला लागायचा. संध्याकाळी पारावर बसणं बंद केलं. मुलाच्या वाढदिवसाचे पेढे आळीत वाटले नाहीत. दोघांच्या बायका एकाच बचत गटात, तर तिथे हप्ता भरायलाही त्याची बायको उशिरा, सगळे पांगल्यावर जायला लागली.

याने काही गुन्हा केला नव्हता. यादी त्याने केली नव्हती. तरी मनात एकच घोळत राहायचं, की तो माझ्यापेक्षा कामाला चांगला होता, त्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज होतं, मग मी का राहिलो? मानसशास्त्रात याला वाचलेल्याची अपराधी भावना म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातल्या छळछावण्यांतून जिवंत आलेल्या लोकांवर उपचार करताना डॉक्टरांच्या ती ठळकपणे लक्षात आली. पुढे भूकंप, अपघात अशा प्रसंगांतून वाचलेल्यांतही ती दिसली. १९८०च्या दशकात अमेरिकेत कंपन्यांनी मोठ्या कपाती केल्या, तेव्हा अभ्यासकांना तीच गोष्ट कारखान्यात आणि ऑफिसात सापडली. मरणातून वाचणं आणि नोकरी वाचणं एका तराजूत घालता येणार नाही हे खरं, पण मनातला प्रश्न तोच असतो.

काम वाढतं, पण मोजण्यापुरतं

कपातीनंतर राहिलेले लोक आधी जास्त काम करतात, ही यातली फसवी गोष्ट आहे. जोएल ब्रॉकनर या अमेरिकन संशोधकाने १९८५ मध्ये सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना मुद्रितं तपासायला बसवलं आणि मधेच त्यांच्यासमोर सोबतच्या माणसाला कामावरून कमी केलं. त्यानंतर राहिलेल्यांच्या कामाचा वेग वाढला, पण कामाची प्रत काही सुधारली नाही. ज्यांचा स्वतःवर मुळात भरवसा कमी होता, त्यांच्यात हे जास्त दिसलं. आपली जागा फुकट मिळाली असं वाटलं की माणूस ती जास्त कष्टाने फेडू बघतो, असा त्याचा अर्थ लावला गेला.

आपला प्रेस ऑपरेटर नेमकं हेच करत होता. तिघांची लाईन आता दोघांवर होती. तो वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचायचा, जेवणाची सुट्टी निम्मी करायचा, ओव्हरटाईमला कधी नाही म्हणायचा नाही. गव्हाला पाणी द्यायची पाळी रात्रीची आली तरी रजा टाकली नाही, बायकोनेच जाऊन दारं धरली. पहिल्या महिन्यात सुपरवायझर खूश होता. दुसऱ्या महिन्यापासून रिजेक्शन वाढायला लागलं. पीस उलटा बसवणं, बर राहून जाणं, मोजमाप घ्यायचं विसरणं अशा चुका होऊ लागल्या. एका रात्रपाळीला वेग वाढवायच्या नादात त्याने दोन हातांनी दाबायच्या बटनांपैकी एक पट्टी लावून दाबलेलंच ठेवलं. प्रेसवर दोन्ही हात बटनांवर अडकलेले असावेत म्हणूनच तर दोन बटनं असतात. त्या रात्री डाय खाली आली तेव्हा बोट वाचलं, हातमोज्याचं टोक गेलं.

कपातीनंतरची आकडेवारी बघून ‘कमी माणसांत तेवढंच काम निघतंय’ असं ज्या मॅनेजरला वाटतं, त्याने पहिल्या महिन्याचं उत्पादन बघू नये. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याचं रिजेक्शन, थोडक्यात हुकलेले अपघात आणि कोण रजाच घेत नाहीये, हे बघावं. खरा अंदाज तिथे येतो.

मागचं ओझं आणि पुढची भीती

या दुखण्यात दोन गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या असतात. अपराधी भावना मागे बघते, ती गेलेल्या माणसाबद्दलची असते. भीती पुढे बघते, पुढच्या यादीत माझं नाव असेल का, अशी. ऑफिसातून फोन आला की छातीत धडधड, नोटीस बोर्डवर कागद लागला की हात थंड, सुट्टीच्या संध्याकाळपासूनच उद्याचं टेन्शन. गंमत म्हणजे दोन्हींचं वागणं बाहेरून एकच दिसतं. दोन्हीत माणूस मान खाली घालून काम करतो, पण औषध वेगळं आहे. अपराधी भावना गेलेल्या माणसाला भेटल्यावर कमी होते. भीतीला मात्र कंपनीकडून खरी माहितीच लागते. भीती एका मर्यादेपर्यंत माणसाला कामाला लावते आणि त्यापुढे गेली की हातपाय गाळायला लावते, हेही ब्रॉकनर यांच्या पुढच्या अभ्यासात दिसलं.

शरीरावर काय परिणाम होतो, याचा एक मोठा दाखला फिनलंडचा आहे. १९९१ ते १९९३ च्या मंदीत तिथल्या नगरपालिकांनी माणसं कमी केली. दहा गावांतल्या, नोकरीत टिकलेल्या २२,४३० कर्मचाऱ्यांचा मागोवा संशोधकांनी २००० सालापर्यंत घेतला आणि २००४ मध्ये तो प्रसिद्ध केला. जिथे १८ टक्क्यांहून जास्त माणसं कमी झाली, तिथे राहिलेल्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कपात न झालेल्या ठिकाणांच्या साधारण दुप्पट होते. कायम कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या रजाही वाढल्या. तात्पुरत्यांच्या मात्र वाढल्या नाहीत. ते आजारी पडत नव्हते, असा याचा अर्थ लावायची घाई करू नये. आपल्याकडच्या कोणत्याही कंत्राटी कामगाराला विचारा. रजा टाकली की पुढच्या यादीत नाव, हे त्याला पाठ असतं. तो तापातही गोळी खाऊन पाळी भरतो.

यादी कशी केली, यावरही बरंच अवलंबून आहे. आपल्या कायद्यात जुना नियम आहे, की एका प्रकारच्या कामातला जो शेवटी लागला तो आधी जाणार, आणि मालकाला वेगळं करायचं असेल तर त्याचं कारण लिहून ठेवायचं. औद्योगिक विवाद कायद्यात तो होता, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. या नियमाने गेलेल्याचं दुःख कमी होत नाही, पण राहिलेल्याला ‘मीच का’ याचं उत्तर तरी मिळतं. कंत्राटदाराकडच्या माणसांना हा नियम व्यवहारात मिळतच नाही. उद्यापासून येऊ नको, एवढ्यावर भागवतात. मग गावात कुजबुज सुरू होते, अमका राहिला कारण तो सुपरवायझरच्या पाहुण्यांतला. खरं असो-नसो, राहिलेल्याला मान वर करता येत नाही. कपातीचा निकष काय होता आणि आणखी कपात आहे की नाही, या दोन गोष्टी कंपनीने तोंडावर सांगितल्या तरी अर्धी भीती जाते. ‘सध्या तरी काही नाही’ हे वाक्य मात्र काहीच न सांगण्यापेक्षा वाईट. कामगार त्यातलं ‘सध्या’ तेवढं ऐकतो.

ऑपरेटरच्या बाबतीत बायकोच्या आधी लक्षात आलं. रात्री अडीचला उठून बसणं, ॲसिडिटी, पोरांवर ओरडणं, अकरा वर्षांत न केलेली गोष्ट म्हणजे बाटली घरी आणणं. वाईट वाटणं हा आजार नव्हे, काही आठवड्यांत ते ओसरतं. पण झोप उडणं, भूक जाणं, कशातच मन न लागणं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, दारू वाढली किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं सुरू झालं, तर थांबू नये. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवता येतं. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं. ऑपरेटरच्या बायकोनेच तिथे फोन लावून दिला.

तिथल्या समुपदेशकाने त्याला विचारलं, मित्राला भेटलात का? तो गप्प. तीन महिने झाले होते. येत्या गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीला, तो गेला. काय बोलायचं ते ठरवून गेला होता, ते जमलं नाही. मित्रच म्हणाला, “तू राहिलास त्याचं मला काय नाय. तू दारावरनं जायचा बंद झालास, ते लागलं.”

मग कामाचं बोलणं निघालं. कंपनीने मित्राच्या पीएफ खात्यावर नोकरी सोडल्याची तारीखच टाकली नव्हती, त्यामुळे पैशाचा दावा अडकला होता. पाच वर्षांच्या वर नोकरी झालेली, तरी ग्रॅच्युइटीचा अर्ज भरायचा असतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आतल्या माणसाला हे सोपं होतं. कोणत्या टेबलाला, कोणत्या बाईंना, किती वाजता भेटायचं, त्याला माहीत होतं. दोन सुट्ट्या आणि एक अर्धी रजा घालून त्याने हे काम करून घेतलं. अकरा वर्षांतली कदाचित ती पहिलीच अर्धी रजा, जी त्याने न घाबरता टाकली. ‘होईल सगळं नीट’ असं तो मित्राला एकदाही म्हणाला नाही, आणि मित्राला तेच बरं वाटलं.

मित्र आता शेजारच्या गावातल्या पोल्ट्रीवर जातो, पगार कमी आहे. प्रेसवरची पट्टी ऑपरेटरने काढून टाकली. लाईन अजून दोघांवरच आहे. महिनाअखेरीला नव्या यादीची आवई उठली की तो अजूनही रात्री जागा होतो, पण सकाळी गाडी मित्राच्या दारावरूनच नेतो. पोल्ट्री हायवेच्या अलीकडे असल्याने तिथपर्यंत मागची सीट भरलेली असते.