दाव्याच्या हिशेबाची रुजवात : वजावट, सहभरणा आणि विमा रक्कम

अमडापुरातील एखाद्या कुटुंबावर मोठ्या शस्त्रक्रियेचा प्रसंग ओढवला, की चिखली-बुलढाण्यापर्यंतची धाव बहुधा अपुरी पडते आणि रुग्णाला अकोल्यास किंवा छत्रपती संभाजीनगरास हलवावे लागते. आणि मग रुग्णालयातून सुटी मिळण्याच्या दिवशी, देयकाचा आकडा व विमा कंपनीने मंजूर केलेला आकडा यांतील अंतर पाहून, घरातील कर्ता माणूस ‘पॉलिसी तर पाच लाखांची होती’ एवढेच म्हणू शकतो. या अंतराचा काही भाग करारानुसार योग्य असतो आणि काही भाग हिशेबाच्या चुकीचा असू शकतो. हे दोन भाग वेगळे काढण्याची रीत अवघड नाही. परंतु तिच्या आड काही रूढ गैरसमज उभे आहेत.

पहिला गैरसमज असा, की पाच लाखांची विमा रक्कम म्हणजे पाच लाखांपर्यंतचे प्रत्येक देयक कंपनी जसेच्या तसे भरील. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रतिकुटुंब पाच लाखांचेच संरक्षण असल्यामुळे आणि तेथे ठरलेल्या उपचारांसाठी रुग्णाकडून काही घ्यावयाचे नसल्यामुळे ही समजूत अधिकच दृढ झाली आहे. खाजगी पॉलिसीत मात्र विमा रक्कम ही कंपनीच्या वार्षिक दायित्वाची कमाल मर्यादा असते. तिच्या आत राहूनही दोन वाटे विमाधारकाकडे येऊ शकतात : एक वजावट, म्हणजे ज्याला विमा एजंट डिडक्टिबल म्हणतात ती रुपयांत ठरलेली रक्कम, आणि दुसरा सहभरणा, म्हणजे को-पे, जो ग्राह्य दाव्याच्या टक्केवारीत मोजला जातो. 1 एप्रिल 2020 पासून सर्व सामान्य व आरोग्य विमा कंपन्यांनी विक्रीस ठेवलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीतही प्रत्येक दाव्यावर 5 टक्के सहभरणा आहे.

दुसरा गैरसमज खोलीच्या भाड्याविषयीचा आणि अधिक महाग पडणारा आहे; म्हणून तो एका कल्पित परंतु सर्वसाधारण उदाहरणाने तपासू. पॉलिसीची विमा रक्कम 5,00,000 रुपये, वजावट 50,000, सहभरणा 10 टक्के आणि खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे प्रतिदिन 5,000 रुपये. रुग्ण आठ दिवस 6,250 रुपये भाड्याच्या खोलीत राहिला आणि एकूण देयक 7,08,000 रुपयांचे झाले. त्यात सोबत्याचे जेवण यासारख्या अदेय बाबींचे 12,000, खोलीभाडे 50,000, शल्यविशारद, भूलतज्ज्ञ व शस्त्रक्रियागृह यांचे 2,30,000, आणि औषधे, शरीरात बसविलेली उपकरणे व तपासण्या यांचे 4,16,000 असा तपशील आहे.

लोक असे धरून चालतात, की खोली महाग घेतली तर फक्त भाड्यातील फरक खिशातून जाईल. वस्तुतः मर्यादा ओलांडल्यास भाड्याशी संलग्न असलेला वैद्यकीय खर्चही त्याच प्रमाणात कापण्याची तरतूद पुष्कळ पॉलिसींत असते. येथे ते प्रमाण 5,000 भागिले 6,250, म्हणजे 80 टक्के. म्हणून भाड्याचे 40,000 आणि शस्त्रक्रियेच्या खर्चाचे 1,84,000 ग्राह्य ठरतात. तथापि या कपातीलाही मर्यादा आहे, आणि ती विमाधारकांना क्वचितच सांगितली जाते. विमा नियामक प्राधिकरणाच्या 2020 च्या प्रमाणीकरणविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार औषधे, वापरून टाकावयाचे साहित्य, शरीरात बसविलेली उपकरणे आणि निदानाच्या तपासण्या यांना हे प्रमाण लावता येत नाही; अतिदक्षता विभागाच्या आकारालाही लावता येत नाही; आणि ज्या रुग्णालयात खोलीच्या दर्जानुसार शुल्क बदलतच नाही, तेथे संलग्न खर्चावर ही कपात मुळीच करता येत नाही. तालुक्याच्या गावांतील लहान रुग्णालयांत साध्या व स्वतंत्र खोलीतील रुग्णाला शस्त्रक्रियेचा दर अनेकदा एकच असतो. तसे असल्यास रुग्णालयाचे लेखी दरपत्रक जोडणे हा निर्णायक पुरावा होय. आपल्या उदाहरणात 4,16,000 अबाधित राहिले, तर ग्राह्य रक्कम 6,40,000 होते. सरसकट 80 टक्के लावले, तर ती 5,56,800 वर येते आणि 83,200 रुपये अकारण गळतात.

आता मुख्य प्रश्न क्रमाचा. ग्राह्य रक्कम 6,40,000 निघाल्यावर तीतून वजावट काढली, की 5,90,000 उरतात. त्यावर 10 टक्के सहभरणा वजा केला, की 5,31,000. आणि अखेरीस विमा रकमेची मर्यादा लावली, की देय रक्कम 5,00,000 ठरते. परंतु आकडा पाच लाखांच्या वर गेला म्हणून आधी मर्यादा लावली, तर 5,00,000 वजा 50,000 बरोबर 4,50,000, आणि त्यातून 10 टक्के गेल्यावर हाती येतात 4,05,000. तेच देयक आणि तीच पॉलिसी असूनही फरक 95,000 रुपयांचा. पहिल्या रीतीने कुटुंबाने 2,08,000 भरावयाचे, दुसऱ्या रीतीने 3,03,000.

यांपैकी कोणती रीत खरी, हे प्राधिकरणाच्या प्रमाणित व्याख्यांवरून ठरविता येते. सहभरणा हा ग्राह्य दाव्याच्या रकमेचा टक्का आहे, आणि वजावटीने वा सहभरण्याने विमा रक्कम कमी होत नाही, असे त्या व्याख्या स्पष्ट म्हणतात. आधी मर्यादा लावून मग दोन्ही वाटे कापणे म्हणजे पाच लाखांचे संरक्षण व्यवहारात 4,05,000 वर आणणे होय. माझ्या मते ते या व्याख्यांशी विसंगत आहे. एखाद्या पॉलिसीने आपल्या कलमात वेगळा क्रम स्पष्ट लिहिला असेल, तर कंपनी त्या कलमाकडे बोट दाखवील. म्हणून तक्रारीपूर्वी पॉलिसीचा संपूर्ण मजकूर वाचावा, केवळ पहिले पान नव्हे. आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. आधी मर्यादा लावली, तर औषधांवरील चुकीची कपात अंतिम आकड्यात दिसतच नाही, कारण 5,56,800 आणि 6,40,000 या दोहोंचेही उत्तर 4,05,000 च येते. एक चूक दुसरीच्या आड दडते. यास्तव प्रत्येक टप्प्याची रुजवात स्वतंत्रपणे घालावी.

वजावट प्रत्येक दाव्याला लागते, हाही सार्वत्रिक नियम नव्हे. ती प्रतिवर्ष, प्रतिव्यक्ती की प्रतिप्रसंग, हे पॉलिसीत नमूद असते, आणि सुपर टॉप-अप प्रकारात वर्षभराच्या दाव्यांची बेरीज करून ती एकदाच धरली जाते. त्याचप्रमाणे विमा रकमेची शिल्लकही तपासावी : वरील पॉलिसीत ग्राह्य दावा 3,00,000 चा होऊन कंपनीने वजावट व सहभरणा जाऊन 2,25,000 दिले असतील, तर त्या वर्षासाठी 2,75,000 शिल्लक राहिले पाहिजेत. शिल्लक 2,00,000 दाखविली असेल, तर विमाधारकाने स्वतः भरलेले पैसेही कंपनीच्या खर्चात धरले गेले आहेत.

शेवटचा गैरसमज असा, की पैसे खात्यात जमा झाले म्हणजे प्रकरण मिटले. कंपनीकडून अथवा तिच्या टीपीएकडून कपातीचे बाबवार पत्रक लेखी मागावे, प्रत्येक कपातीपुढे पॉलिसीचे कोणते कलम लावले आहे ते विचारावे, आणि वरील क्रमाने केलेला आपला हिशेब जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे 50 लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी चालतात, शुल्क पडत नाही आणि वकील लागत नाही.