मीटरही थोडा करंट खातं

प्रयोगशाळेतल्या काट्याच्या ॲमीटरचं आणि व्होल्टमीटरचं झाकण उघडलं, तर आत बहुधा सारखीच यंत्रणा दिसते: चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरणारं बारीक तारेचं वेटोळं आणि त्याला लावलेला काटा. समजा, वेटोळ्याचा रोध 100 ओहम आहे आणि 1 मिलिअँपिअर करंटलाच काटा पट्टीच्या टोकाला जातो. मग या नाजूक जिवाकडून 1 अँपिअर मोजून घ्यायचा कसा?

वेटोळ्याला समांतर अगदी कमी रोधाची वाट करून द्यायची. हाच शंट. 1000 मिलिअँपिअरपैकी 999 शंटमधून जातील, 1 वेटोळ्यातून. दोघांच्या टोकांवर व्होल्टेज एकच, 0.1 व्होल्ट; म्हणून शंटचा रोध 0.1 भागिले 0.999, म्हणजे सुमारे 0.1001 ओहम. हिशेब सोपा आहे, छळतो तो स्क्रू. शंटचा स्क्रू सैल राहून जोडाचा रोध नुसता 0.01 ओहमने वाढला, तरी काटा जवळपास 10 टक्के जास्त दाखवतो. शंट पूर्ण सुटला तर सगळा करंट वेटोळ्यात घुसतो आणि ते जळतं.

जोडणी चोख असली तरी ॲमीटरचा स्वतःचा 0.1 ओहम रोध सर्किटमध्ये येतोच. 1.5 व्होल्टवर 1.5 ओहमचा रोधक लावला, तर 1 अँपिअर वाहायला हवा. मीटर घातल्यावर 0.94 अँपिअरच वाहतो. मीटर वाचन बरोबर देतं, पण त्याने बदललेल्या सर्किटचं.

व्होल्टमीटरसाठी उलट करायचं. 10 व्होल्टला 1 मिलिअँपिअरच जावा म्हणून एकूण रोध 10,000 ओहम हवा. 100 ओहम वेटोळ्याचा आहेच, उरलेला 9,900 ओहमचा रोधक एकसर जोडायचा.

आता 10 व्होल्टच्या पुरवठ्यावर 10,000 ओहमचे दोन रोधक एकापुढे एक लावा. प्रत्येकावर 5 व्होल्ट असणार. पण एकावर आपला व्होल्टमीटर ठेवला, की दोन 10,000 ओहम समांतर येऊन 5,000 होतात आणि काटा 3.33 व्होल्टवरच थांबतो. ही चूक तिसरा हिस्सा खाऊन टाकते, आणि काट्याकडे बघून शंकाही येत नाही.

ती पकडायची युक्ती मात्र साधी आहे: रेंज बदला. त्याच मीटरच्या 50 व्होल्ट रेंजचा रोध 50,000 ओहम असतो, तिथे 4.55 व्होल्ट दिसतात. रेंज बदलल्यावर आकडा एवढा उडी मारत असेल, तर मीटरच सर्किट ओढतंय असं समजावं. मात्र बारीक पट्टीवरच्या वाचनातल्या छोट्या फरकाला उडी समजू नये.

डिजिटल मल्टीमीटरचा रोध बहुधा 10 मेगाओहम असतो, त्यामुळे वरच्या सर्किटमध्ये तो जवळपास अचूक 5 व्होल्ट दाखवेल. पण तिथलेच रोधक 1 मेगाओहमचे केले, तर तोही 4.76 वर येतो. आणि बहुतेक रेंजवर त्याचा रोध तोच राहत असल्याने इथे रेंज बदलून काहीच कळत नाही.