बँकेत नक्की किती जमा होणार?

चाकणच्या एका लहान कारखान्याने क्वालिटी विभागासाठी साताऱ्याचा एक तरुण इंजिनिअर निवडला. वर्षाला सहा लाख रुपये ठरले. त्याने सहाला बाराने भागलं आणि महिना पन्नास हजारांच्या हिशोबाने पुण्यात खोली बघायला सुरुवात केली. पहिल्या महिन्याअखेर खात्यात 39,500 रुपये जमा झाले. आपल्याला फसवलं, असं त्याला वाटलं. कंपनीला तो विनाकारण वाद घालतोय असं वाटलं. दोघंही खोटं बोलत नव्हते. ऑफर लेटरमध्ये पगाराबद्दल एकच ओळ होती: ‘आपले वार्षिक सीटीसी रु. 6,00,000 राहील. ते कंपनीच्या नियमांनुसार लागू असेल.’

लहान उद्योगांची अशी पत्रं तपासून देणं हे माझं काम. त्यानंतर कंपनीने ते पत्र माझ्याकडे आणलं. मी ते कसं बदललं, ते इथे सांगते, कारण असं पत्र कोणाच्याही घरी येऊ शकतं.

सीटीसी म्हणजे तुमच्यावर कंपनीचा वर्षभरात होणारा एकूण खर्च. त्यात तुमच्या हातात कधीच न येणारे किंवा फार उशिरा येणारे पैसेही धरलेले असतात. म्हणून त्या एका ओळीच्या जागी मी वर्षाचा सगळा हिशोब मांडला. कामगिरीवर मिळणारी रक्कम 60,000. पीएफमधला कंपनीचा वाटा 21,600. ग्रॅच्युइटीची तरतूद 14,430. मेडिक्लेमचा हप्ता 5,970. हे चार आकडे वजा केले की 4,98,000 उरतात, म्हणजे महिना 41,500. त्यात बेसिक 25,000, घरभाडे भत्ता 10,000 आणि विशेष भत्ता 6,500. यातून त्याचा स्वतःचा पीएफचा वाटा 1,800 आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर 200 कापला की राहतात 39,500. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 असतो, म्हणून त्या महिन्यात 39,400. हा शेवटचा आकडा पत्रात ठळक छापायला मी सांगितलं, कारण घरभाडं त्यातूनच भरायचं असतं.

यातल्या दोन नोंदींना आकडा पुरत नाही, वाक्यही लागतं. पहिली पीएफची. वरचा 1,800 हा आकडा 15,000 रुपयांच्या वेतनमर्यादेवर 12 टक्क्यांनी येतो. ही मर्यादा 2014 मध्ये ठरली. पण काही कंपन्या पूर्ण बेसिकवर पीएफ कापतात. 25,000 वर तो 3,000 होतो. सीटीसी तेवढंच ठेवायचं तर कंपनीच्या वाट्यातले जास्तीचे 1,200 ढोबळ पगारातून कमी होतात आणि कर्मचाऱ्याच्या वाट्याचे 1,200 वेगळे जास्त कापले जातात. हातातली रक्कम 37,100 वर येते. पैसे त्याच्याच पीएफ खात्यात जातात, बुडत नाहीत, पण दर महिन्याचं गणित 2,400 रुपयांनी बदलतं. ‘पीएफ नियमानुसार’ एवढंच लिहिलं तर दोन्ही अर्थ बरोबर ठरतात. म्हणून लिहिलं: ‘पीएफ दरमहा 15,000 रुपयांच्या वेतनावर मोजला जाईल.’ ग्रॅच्युइटीसमोरही एक ओळ आली, की कायम कर्मचाऱ्याला ती साधारणपणे सलग पाच वर्षांच्या नोकरीनंतरच मिळते.

दुसरी नोंद कामगिरीवरच्या 60,000 ची. मूळ पत्रात ‘60,000 पर्यंत, व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार’ असं होतं. या शब्दांत शून्यही बसतं. मालकांना विचारलं, ‘कशावर देता?’ ते म्हणाले, ‘निम्मे कारखान्याच्या उत्पादनावर, निम्मे ग्राहकाकडून परत आलेल्या मालावर.’ म्हणजे पद्धत ठरलेली होती, फक्त कागदावर आली नव्हती. आता पत्रात दोन्ही निकष आहेत, रक्कम एप्रिलच्या पगारासोबत मिळेल हे आहे, आणि 31 मार्चपूर्वी नोकरी सोडल्यास पूर्ण महिन्यांच्या प्रमाणात मिळेल हेही आहे.

पगारानंतर अटी. इथे मी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारते: हे झालं नाही तर काय? ‘ही ऑफर पार्श्वभूमी पडताळणीच्या अधीन आहे’ या वाक्यावर तो प्रश्न विचारून पाहा. उमेदवार पत्राच्या भरवशावर जुनी नोकरी सोडतो. पडताळणी महिन्याने होते, जुन्या कंपनीच्या नोंदीत तारखेची चूक निघते आणि त्याच्याकडे ना जुनी नोकरी, ना नवी. या तरुणाच्या बाबतीत असं घडलं नाही, पण पत्रात ते घडायला पूर्ण वाव होता. बदललेलं कलम असं: ‘पदवी, मागील नोकरी आणि पत्ता यांची पडताळणी कंपनी स्वीकृतीपासून दहा दिवसांत पूर्ण करून लेखी कळवील. ते पत्र मिळेपर्यंत आपण राजीनामा देऊ नये. कागदपत्रांत तफावत आढळल्यास खुलाशासाठी पाच दिवस दिले जातील.’

रुजू होण्याची तारीखही यावरूनच ठरते. ‘लवकरात लवकर रुजू व्हावे’ याऐवजी आम्ही कॅलेंडर समोर ठेवलं. 2 मे रोजी स्वीकृती, 12 मेपर्यंत पडताळणी, 13 मे रोजी राजीनामा, जुन्या कंपनीचा तीस दिवसांचा नोटीस पीरियड 12 जूनला संपतो. म्हणून सोमवार, 15 जून, सकाळी नऊ, चाकणचा कारखाना. जुन्या कंपनीने सोडायला उशीर केला तर लेखी विनंतीवर पंधरा दिवसांची मुदतवाढ मिळेल. त्यानंतर ऑफर रद्द होईल. रिलीव्हिंग लेटर हातात नसेल तर राजीनामा स्वीकारल्याचा ईमेल चालेल आणि मूळ पत्र तीस दिवसांत द्यायचं.

प्रोबेशनच्या कलमात मोठी चूक एका शब्दात असते. ‘सहा महिने, आवश्यकतेनुसार वाढवता येईल’ या वाक्याला शेवट नाही. सहा महिन्यांनी कोणी काहीच कळवलं नाही तर माणूस कायम झाला की नाही, यावर भांडण होतं. आता पत्र सांगतं की मुदत एकदाच, तीन महिन्यांनी, कारण लिहून वाढवता येईल. मुदत संपेपर्यंत लेखी सूचना मिळाली नाही तर कर्मचारी कायम झाला असं धरलं जाईल. नोटीस प्रोबेशनमध्ये 15 दिवस, नंतर 60 दिवस. दोन्ही बाजूंना सारखीच, आणि दिवस कॅलेंडरचे. नोटीसऐवजी पैसे भरायचे तर ते बेसिकवर मोजायचे. ढोबळ पगारावर दोन महिन्यांचे 83,000 होतात, बेसिकवर 50,000. एवढा फरक कर्मचारी सोडून जाताना नव्हे, येतानाच कळायला हवा.

पत्र पूर्ण झाल्यावर मी ते मुलाखतीत नसलेल्या हिशोबनिसाकडे दिलं. सांगितलं, ‘कोणाला काही न विचारता जूनची पगारपावती करून दाखवा.’ पाच मिनिटांत त्यांनी मान वर केली. ‘ताई, पंधरा तारखेला आला तर पगार तीसने भागायचा की सव्वीसने?’ आम्ही सगळे ते विसरलो होतो. मग एक ओळ वाढली: ‘अपूर्ण महिन्याचा पगार, त्या महिन्याचे एकूण दिवस धरून, हजर झाल्याच्या तारखेपासून मोजला जाईल आणि पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत जमा होईल.’ 41,500 चे तीस भाग, त्यातले सोळा: 22,133 रुपये. एवढं झाल्यावर त्यांनी पावती पुरी केली, आणि मगच पत्र सहीला गेलं.

साताऱ्याच्या त्या तरुणाला हे पत्र मिळालं नाही. ते त्याच्यानंतर निवडलेल्या मुलीला मिळालं. तिने सही करण्याआधी फोन करून एकच शंका विचारली, बसची सोय आहे का. पगाराबद्दल विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.