चित्राच्या आडून बदललेला चेहरा

जून १९९४ मध्ये अमेरिकेतल्या पेपर-स्टॉलांवर दोन साप्ताहिकांच्या मुखपृष्ठांवरून एकच माणूस बघत होता. ओ. जे. सिम्प्सन, अमेरिकन फुटबॉलचा एकेकाळचा लाडका खेळाडू, घटस्फोटित पत्नी आणि तिच्या मित्राच्या खुनाच्या आरोपाखाली नुकताच अटक झालेला. लॉस एंजलिस पोलिसांनी अटकेनंतर काढलेला फोटो दोन्ही साप्ताहिकांना मिळाला होता. ‘न्यूजवीक’ने तो होता तसा छापला. ‘टाइम’ने मॅट महुरीन या चित्रकाराकडून त्याचं संगणकावर चित्र करून घेतलं. त्या चित्रात चेहऱ्याचा रंग बराच गडद झाला होता, कडा धूसर झाल्या होत्या आणि कैदी-क्रमांक लहान झाला होता. खटला अजून उभाही राहिला नव्हता, पण हे मुखपृष्ठ बघणाऱ्याच्या मनात आरोपी आधीच गुन्हेगार ठरत होता. कृष्णवर्णीय माणसाला आणखी काळा करून भयंकर दाखवलं, अशी टीका झाली. वांशिक हेतू नव्हता, असं संपादक जेम्स गेन्स यांना वाचकांना सांगावं लागलं.

‘टाइम’ने काही लपवलं नव्हतं, हे इथे लक्षात घ्यायला हवं. हे ‘फोटो-इलस्ट्रेशन’ आहे, असं आतल्या पानावर छापलेलं होतं. पण मुखपृष्ठ बघून पुढे जाणारा माणूस ते पान उघडत नाही. त्या आठवड्यात लोकांना फरक कळला तो शेजारी ‘न्यूजवीक’ होता म्हणून. मला या प्रकरणातून आजच्यासाठी दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. चित्रातली लबाडी मूळ फोटो शेजारी ठेवल्याशिवाय सहसा पकडता येत नाही. आणि खुलासा चित्रापासून लांब असेल तर त्याचा उपयोग होत नाही.

आज हे काम कुणीही फोनवर करू शकतं. मार्च २०२५च्या अखेरीस ‘घिबली’ शैलीतल्या चित्रांची लाट आली, तेव्हा घराघरांतले फोटो जपानी कार्टूनपटातल्यासारखे झाले. त्यात वाईट काही नाही. पण ही साधनं मूळ फोटोवर नुसता रंगाचा हात फिरवत नाहीत, सगळं चित्र नव्याने काढतात. त्यामुळे मिटलेले ओठ किंचित हसरे होतात, वय दहा वर्षांनी उतरतं, हातातल्या फलकावरची अक्षरं बदलतात. हे कधी आपोआप होतं, कधी कुणी मुद्दाम करवून घेतं. तयार चित्रावरून हेतू ओळखता येत नाही.

खोट्या फोटोत आपण दात, बोटं, केसांच्या कडा, सावल्या तपासायला शिकलो आहोत. २८ मे २०२३ रोजी दिल्लीत आंदोलक कुस्तीपटूंना पोलिसांनी ताब्यात घेतलं. पोलिसांच्या गाडीत विनेश आणि संगीता फोगाट यांच्यासोबत काढलेला एक सेल्फी दोन रूपांत फिरला. एकात सगळ्यांचे चेहरे गंभीर होते, दुसऱ्यात त्याच चेहऱ्यांवर मोकळं हसू होतं. आंदोलन म्हणजे नाटक आहे, असं सांगायला हे हसू वापरलं गेलं. पडताळणी करणाऱ्या पत्रकारांनी गंभीर चेहऱ्यांचा फोटो ‘फेसअ‍ॅप’ या अ‍ॅपमधून काढून पाहिला, तर तेच हसू उमटलं. शिवाय हसऱ्या रूपात गालांवर खळ्या होत्या, आणि या बहिणींच्या इतर हसऱ्या फोटोंत त्या दिसत नाहीत.

आता हाच हसरा फोटो जलरंगात किंवा कार्टूनमध्ये उतरवला असता तर? खळ्या दोन रेघांत विरल्या असत्या, दातांची एक पांढरी पट्टी झाली असती. पुरावे गेले असते आणि हसू तेवढं उरलं असतं. वर कुणी हटकलं तर ‘अहो, चित्रच आहे ते’ हे उत्तर तयारच. म्हणून चित्रशैलीतल्या चेहऱ्यात बारीकसारीक खुणा शोधत बसण्यापेक्षा मूळ फोटोच्या मागे लागावं.

त्यासाठी गूगल लेन्समध्ये आधी संपूर्ण चित्र टाकावं. शैली बदललेला चेहरा तिथे बऱ्याचदा जुळत नाही, पण कपड्यांचे रंग, खांद्यांचा कोन, मागची खिडकी, हात कुठे आहेत, ही मांडणी पुष्कळदा टिकून राहते. म्हणून चेहरा कापून उरलेला भाग पुन्हा शोधावा. चित्र आरशासारखं उलटवूनही बघावं, कारण शोध चुकवण्यासाठी डावं-उजवं करण्याची युक्ती जुनी आहे. तरीही हाती काही लागलं नाही, तर व्यक्तीचं नाव, ठिकाण आणि प्रसंग लिहून त्या दिवसाच्या बातम्यांतले फोटो चाळावेत. मूळ सापडलं की दोन्ही एकाच आकारात शेजारी ठेवावीत. शैलीचा परिणाम सहसा सगळीकडे पसरतो. रेघा जाड झाल्या असतील तर शर्टाच्याही होतात, रंग गडद झाले असतील तर मागची भिंतही गडद होते. भिंत, शर्ट, कागद उजळच राहिले आणि एकाच माणसाची कातडी काळवंडली, किंवा सगळे तसेच असून एकाच्या भुवया चढल्या, तर तो बदल कुणीतरी मागून घेतला असण्याची शक्यता मोठी. ही कसोटी अचूक मात्र नाही. साधनं स्वतःहूनही चेहरे गोरे आणि तरुण करतात. आणि ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर तर सगळंच चित्र काळोखात गेलं होतं, तरीही अर्थ बदललाच.

मूळ सापडलंच नाही, तर त्या चित्रावरून एवढंच म्हणता येतं की ही अमुक व्यक्ती असावी. ती तेव्हा हसत होती की रडत होती, हे त्यावरून ठरवू नये आणि तसं लिहून पुढे पाठवूही नये.

आपण स्वतः चित्र पाठवतो तेव्हाही हेच भान हवं. समजा, निवृत्त होणाऱ्या बाईंचं तैलचित्रासारखं चित्र आपण शाळेच्या ग्रुपवर टाकतो आहोत. ‘चित्र, एआयने केलेलं’ एवढंच खाली लिहिलं, तर पहिल्याच फॉरवर्डला ती ओळ गळून पडू शकते. फाइलच्या आत नोंदवलेली माहितीही व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवल्यावर साधारणतः टिकत नाही. तेव्हा खुलासा चित्रावरच लिहावा, आणि तोही अगदी कडेला नको, कारण कड कापणं सगळ्यात सोपं. खांद्याजवळ किंवा पदरावर, फोनवर सहज वाचता येईल अशा अक्षरांत लिहावं: ‘एआयने केलेलं चित्र. मूळ फोटो: निरोप समारंभ, मार्च २०२४. मागचा वर्ग काल्पनिक.’ कशावरून केलं आणि काय बदललं, हे दोन्ही त्यात आलं. बाईंच्या चेहऱ्यावरचे भाव फोटोपेक्षा वेगळे आले असतील, तर ते लिहून भागवण्यापेक्षा चित्र पुन्हा करावं. आणि आधी ते बाईंना दाखवावं. कपाळावरचं कुंकू गेलंय, चष्मा बदललाय, हे त्यांच्या नजरेला लगेच दिसेल.

बातमीतल्या माणसाचं चित्र असेल तर मी याहून कडक राहीन. अटक, आंदोलन, अपघात, अंत्यविधी अशा प्रसंगांचं शैलीतलं रूप मूळ फोटोशिवाय टाकूच नये. दोन्ही एकाच चौकटीत जोडून टाकावीत, डावीकडे तारखेसह फोटो, उजवीकडे चित्र, म्हणजे पुढे पाठवताना एक सुटून दुसरं एकटं जाणार नाही. ग्रुपवर कुणी टाकलेलं चित्र फसवं निघालं, तरी अशीच जोडी करून त्याच संदेशाला उत्तर म्हणून टाकावी, आणि चित्रात नेमकं काय बदललंय ते एका ओळीत सांगावं.